जेवण बाहेर नेता येणार नाही

फ्लॅट भाड्यानं देणारा मालक भाडेकरूच्या हातात किल्ली ठेवतो आणि मोकळा होतो. आत त्यानं मासे तळावेत, मेहुण्याला महिनाभर ठेवून घ्यावं, कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात तसं नसतं. आमच्याकडे माणूस खोली घेत नाही, खाट घेतो. खाट, उशी, कपाटाचा एक कप्पा आणि तीन वेळचं जेवण. खोलीची दुसरी किल्ली आमच्याकडे असते. झाडायला-पुसायला आम्ही आत जाणार, आणि गरज पडली तर तुमची खाट बदलणारही. खोलीत शिजवायचं नाही. गेट रात्री साडेदहाला बंद. तुम्ही जेवा नाहीतर उपाशी झोपा, पैसे तेवढेच, कारण भात तुमच्या नावाचाही शिजलेला असतो. सोडून जायचं तर महिनाभर आधी सांगायचं. हे सगळं कागदावर छापलेलं आहे. पोरं न वाचता सही करतात आणि मग माझ्याशी हुज्जत घालतात, की आंटी, फ्लॅटमध्ये असं नसतं. मग जा बाबा फ्लॅटमध्ये, डिपॉझिट भर आणि भांडी घास.

मी सुगुणा. आम्ही मूळचे मदनपल्लीचे. बंगळूरला मारतहळ्ळीत आमच्या दोन इमारती आहेत. आमच्या म्हणजे आम्ही भाड्यानं घेतलेल्या. एक मुलांची, एक मागच्या गल्लीत मुलींची. स्वयंपाकघर एकच, मुलांच्या इमारतीत तळमजल्यावर. टुकुना नावाचा ओडिशाचा आचारी आहे, तो दोन्हीकडचं रांधतो. मुलींचं जेवण मोठ्या डब्यांतून मागच्या गल्लीत जातं. माझे यजमान रमणय्या हिशेब आणि पाण्याचे टँकर बघतात, भांडणं मी बघते.

विरूपाक्षण्णा आमच्याकडे आले ते गेल्या दिवाळीच्या सुमारास. पन्नाशी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात सूटकेस, आणि पाठीमागे रिक्षात एक गुंडाळलेली गादी. गादी चालणार नाही, खाटेवर आमचीच गादी असते, असं मी सांगितलं तेव्हा ते गादीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. शेवटी ती रिक्षावाल्यालाच देऊन टाकली. मला वाटलं बदली झालेली असेल, घर मिळेपर्यंत राहतील. या वयाचा माणूस चौघांच्या खोलीत वरच्या खाटेवर चढतो ते दोन-चार महिन्यांपुरतंच.

खरं काय ते हळूहळू कळलं. ते होसपेटेचे. एका यंत्रांच्या कंपनीत हिशेब बघायचे, दोन खोल्यांचा फ्लॅट होता, बायको दसऱ्याला येऊन पडदे लावून गेली होती. कंपनीनं बंगळूरचं ऑफिस गुंडाळलं. फ्लॅट सोडावा लागला, आणि डिपॉझिट परत आलं त्यातूनच ते घरी पूर्वीसारखा पगार पाठवत राहिले. आता ते फरशांच्या एका दुकानात बिलं करतात. घरी यातलं काही ठाऊक नाही. घरच्यांच्या मते ते अजून त्याच फ्लॅटमध्ये आहेत, फक्त ऑफिसातले दोन सोबती राहायला आलेत, भाडं वाटून घेतात.

हे त्यांनी मला सांगितलं ते कारण पडलं म्हणून. मुलीला बंगळूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. एका संध्याकाळी मी गेटाजवळ मटार सोलत बसले होते, तिथे येऊन ते उभे राहिले. तीन पुरुषांच्या फ्लॅटमध्ये मुलीला ठेवता येत नाही, असं बायकोला पटवून झालं होतं. आता मुलीला आमच्या मागच्या गल्लीत जागा हवी होती, आणि ते स्वतः पुढच्या गल्लीत राहतात हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

"इथेच का अण्णा? कॉलेजजवळ बघा की," मी म्हटलं. डोळ्यांसमोर आणून ठेवायची आणि मग तिच्यापासून लपायचं, हा उद्योग मला काही झेपणारा वाटेना.

"इथलं जेवण मला माहीत आहे, अक्का," ते म्हणाले. "तिच्या पोटात काय जातंय ते मला रोज कळेल."

मी आतून मुलींचा कागद आणून दिला. मुलींच्या कागदावर शहरात घर असलेला एक पालक लागतो. खाटेवर राहणारा बाप तिथे चालत नाही. हा नियम आम्हीच घातलेला आहे. त्यांनी त्या रकान्यात जुन्या फ्लॅटचा पत्ता लिहिला. मी बघितलं आणि पान उलटलं.

सिंचना आली. सडपातळ पोरगी, भुवया जाड, बोलणं मोजकं. सोबत आलेल्या आईनं चटणीच्या चार बरण्या आणि लोणच्याची एक बरणी कपाटात लावली, आणि मला सतरा वेळा विचारलं की पाणी उकळलेलं असतं ना. विरूपाक्षण्णा त्या दिवशी पाहुण्यासारखे आले, पाहुण्यासारखे खुर्चीवर बसले, आणि मला "मॅडम" म्हणाले. टुकुना डबे घेऊन आला आणि सवयीनं त्यांना म्हणाला, अण्णा, आज तुमचा डबा भरायचा राहिला. मी त्याला असं काही दटावलं की बिचारा वरणाचं भांडं तिथेच टाकून पळाला.

मग असं चालू झालं. आठवडाभर बापलेक फोनवर बोलायचे. ते गच्चीवर जाऊन बोलायचे, कारण खोलीत पोरांचा दंगा असतो आणि फ्लॅटमध्ये एवढा दंगा कसा, असं ती विचारेल. रविवारी दुपारी दोघं तळ्याकाठच्या बागेत भेटायचे. मी एक-दोनदा लांबून बघितलं. ते मुद्दाम पलीकडच्या रस्त्यानं फिरून यायचे, लांबून बसनं आल्यासारखे. मला हसू यायचं आणि लगेच त्या हसण्याचीच लाज वाटायची.

आता चिकनचं सांगते. आमच्याकडे भात, सांबार, भाजी हवं तेवढं घ्या. चिकन फक्त रविवारी दुपारी, आणि तेवढंच मोजून: एका ताटाला एक पळी, तीन तुकडे. ती पळी मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही, टुकुनाच्या तर नाहीच. तो हसणाऱ्याला पाच वाढतो. साडेबाराला मुलांची पंगत, तिथलं वाढून झालं की मी मागच्या गल्लीत जाऊन मुलींना वाढते. पोरी आठवडाभर या तीन तुकड्यांची वाट बघतात. एखादा तुकडा नुसत्या हाडाचा आला तर माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्या लग्नात विघ्न आणलं.

आणि डब्यात भरून जेवण बाहेर न्यायचं नाही. नोकरीवाले सकाळी स्वतःचा दुपारचा डबा नेतात तेवढाच. बाकी जे शिजतं ते इथे राहणाऱ्याच्या तोंडासाठी, डब्यासाठी नाही. हा नियम मी उगाच घातलेला नाही. मागे एक पोरगी आमच्याकडे एका खाटेचे पैसे भरून समोरच्या फ्लॅटमधल्या दोन मैत्रिणींना पोसत होती. वर त्या मैत्रिणी मला रस्त्यात भेटून सांगायच्या, आंटी, सांबारात मीठ कमी होतं.

त्या रविवारी मुलांच्या पंगतीत विरूपाक्षण्णा नेहमीसारखे शेवटच्या दहात होते. ताट पुढे केलं, मी पळी घातली. एक चांगला मांडीचा तुकडा आला होता. मी म्हटलं, आज नशीब उघडलं अण्णा. ते हसले. मग मी डबे घेऊन मुलींकडे गेले.

मुलींचं वाढून झालं आणि मी पाणी प्यायला वळले, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी सिंचना पाठ करून बसलेली. ताटातलं मांडीवर काहीतरी सरकवत होती. मी जवळ गेले. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात दोन चपात्या आणि त्यावर चिकनचे तिन्ही तुकडे. ताटात दहीभात. नियम मोडल्याचा राग एक असतो आणि आपल्याला गुपचूप बनवल्याचा राग दुसरा. मला दुसरा आला. बापानं हिच्यासाठी एवढा आटापिटा करायचा आणि ही तळ्याकाठी कुणा पोराला खाऊ घालते, असंच माझ्या डोक्यात आलं. कागदावरचा खोटा पत्ता मी हिच्यासाठी चालवून घेतला होता, तेही आठवलं.

मी तो डबा उचलून टेबलावर मधोमध ठेवला. तीस पोरी जेवत होत्या. सगळ्यांच्या माना वळल्या.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी म्हणाली, आंटी, नाव नका विचारू, तो किती तुकडे खातो ते विचारा. हशा झाला. सिंचनाचे कान लाल झाले, पण ती उठली नाही की रडली नाही.

"माझ्या वडिलांना नेते," ती म्हणाली. "ते तिघे राहतात फ्लॅटमध्ये, कुणालाच रांधता येत नाही. आठवडाभर भात आणि लोणचं खातात. माझ्या वाट्याचंच देते, आंटी. जास्तीचं घेतलेलं नाही."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण समोर धडधडीत खोटं बोललं जातंय आणि ते मला पुराव्यानिशी ठाऊक आहे, या तोऱ्यात माझी जीभ सुटली.

"वडिलांचं नाव कशाला पुढे करतेस? तुझ्या बापाच्या ताटात मीच आत्ता चिकन वाढून आले. पुढच्या गल्लीत बसून पोटभर जेवतोय तो."

बोलून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

सिंचना माझ्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदा काही समजलं नाही. मग समजायला लागलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर उमटताना मला समोर उभं राहून बघावं लागलं. पोरींनी माना ताटात घातल्या. हसलेली ती मुलगीसुद्धा ताटात बोट फिरवत बसली. मी काहीतरी सारवासारव करायला गेले, आज सहज आले होते ते, पाहुणे म्हणून, असं काहीतरी. माझं मलाच ते इतकं फुसकं वाटलं की अर्ध्यावर सोडून दिलं.

"ते तिथे राहतात?" तिनं विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तिनं डब्याला झाकण लावलं आणि बाहेर पडली. मी हातातली पळी तशीच घेऊन तिच्या मागे. वाटेत तिला हाक मारायची होती, पण हाक मारून काय सांगणार? ज्या माणसानं एका गोष्टीची माझ्याकडे याचना केली होती, तीच मी तीस पोरींसमोर फोडली होती, आणि तीही तीन तुकड्यांपायी.

मुलांच्या इमारतीच्या दारात पाटी आहे: महिलांना आत प्रवेश नाही. कुणाची आई आली तरी बाहेरच्या बाकावर बसते. सिंचना पाटीपाशी थांबली. तिथून आतली मोरी सरळ दिसते. आमच्याकडे ज्याचं ताट त्यानं धुवायचं. विशी-बाविशीतली पोरं रांगेत उभी होती, कुणी उघडं, कुणी कानात गाणी घालून, आणि त्यांच्यामध्ये विरूपाक्षण्णा. लुंगी आणि बनियन. ताटाला साबण लावून ते मन लावून घासत होते. मागचा पोरगा म्हणाला, अंकल, घासून घासून भोक पाडाल. ते हसले, ताट विसळलं, पाणी झटकलं आणि वळले.

मुलगी दिसली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ताट पाठीमागे धरलं. त्यातलं पाणी त्यांच्या लुंगीवर ठिबकत राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. मी पळीकडे बघत उभी राहिले.

ते बाहेर आले. ताट कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून हातातच होतं. बाकावर ती बसली, थोड्या अंतरावर ते बसले. मी निघून जायला हवं होतं हे मला कळत होतं. पण दारातून पोरं ये-जा करत होती, टकमका बघत होती, तेव्हा त्यांना हुसकावायला म्हणून मी थांबले. निदान स्वतःला असंच सांगितलं.

"मी अजून जेवले नाहीये," सिंचना म्हणाली. तिनं मांडीवर डबा उघडला, चपातीचा तुकडा मोडला आणि खायला लागली. विरूपाक्षण्णा बघत राहिले.

"दर रविवारी तुम्ही जेवून यायचात?"

"हो."

"आणि परत माझ्यासमोर जेवायचात."

"हो."

"मी म्हणायचे, आमच्याकडे पाहुण्यांसाठी जास्तीचं मिळतं. तुम्हाला खरं वाटायचं?"

यावर हो म्हणणं किती सोपं होतं. मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, अण्णा, हो म्हणा. खोटं बोलायची सवय आहे ना एवढ्या महिन्यांची, मग अजून एक बोला. पण त्या माणसातलं खोटं त्या दिवशी संपलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "पहिल्या घासालाच कळलं होतं. टुकुनाचा मसाला मी ओळखतो. एका ताटाला तीन तुकडे, आणि बाहेर न्यायला बंदी, हे इथल्या सगळ्यांना पाठ आहे. डब्यात तीनच तुकडे होते. तुझ्याच वाट्याचे."

सिंचनाचा हात डब्यात थांबला.

"मग का खाल्लेत?"

"नको म्हटलं असतं तर का नको, ते सांगावं लागलं असतं."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मी आजवर या दारात पोरांना रडताना बघितलंय, दारू पिऊन लोळताना बघितलंय, बापानं चपलेनं मारताना बघितलंय. पण एवढं ओशाळलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं लाज त्यांना वरच्या खाटेची आहे, धुतलेल्या ताटाची आहे. ती तर कधीच सवयीची झाली होती. जी लाज त्यांना खात होती ती या डब्याची होती. आणि माझी लाज त्यांच्यापुढे काही मोठी नव्हती, पण तीही तिथेच उभी होती, हातात पळी घेऊन.

सिंचनानं पुढचा घास घेतला. चिकन गार होऊन रस्सा वर थिजला होता. तिनं तिन्ही तुकडे संपवले, हाडं झाकणात काढून ठेवली, चपातीनं डबा पुसला. घाईनं नाही, आणि बापाकडे एकदाही न बघता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं डाव्या हातानं उचलला. पलीकडून आईचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. त्या बाई फोनवर नेहमीच गावाला ऐकू जाईल असं बोलतात. कुठे आहेस, जेवलीस का, अप्पा भेटले का, त्यांचा आवाज आठवडाभर बसल्यासारखा का येतोय.

विरूपाक्षण्णांनी मान वर केली. फोन मागायला हात पुढे करावा की न करावा, अशी त्यांची बोटं गुडघ्यावर हलली. मला वाटलं, आता घरी कळणार, आणि तेही माझ्यामुळे. आमच्या कागदात महिनाभराची नोटीस आहे, पण ती मी त्यांच्याकडून मागणार नाही, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं, जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

सिंचना समोरच्या पाटीकडे बघत होती.

"अप्पांच्या फ्लॅटवर आलेय अम्मा," ती म्हणाली. "हो, बरे आहेत. त्यांनीच रांधलं होतं. चिकन. मी पोटभर जेवले."

आईनं काहीतरी विचारलं.

"पडदे?" ती म्हणाली. "आहेत की. तू लावलेलेच."

विरूपाक्षण्णांनी धुतलेलं ताट चेहऱ्यासमोर धरलं आणि ते तसेच बसून राहिले.